एसएमपीएसचा पंखा वर की खाली? नागपूरच्या घरांसाठी कॅबिनेट जुळवणीचा एक धडा

पहिल्यांदाच स्वतः संगणक जुळवायला बसलेला माणूस मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम जपून बसवतो आणि एसएमपीएसपाशी, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यापाशी, येऊन थबकतो, कारण तो डबा कॅबिनेटमध्ये दोन्ही प्रकारे बसतो. पंखा वर केला तरी चारही स्क्रू लागतात, खाली केला तरी लागतात, आणि सोबतच्या पुस्तिकेत बहुधा एक पुसट आकृती तेवढी असते. बर्डीवरच्या दुकानांत विचारले तर एक जण सांगतो की गरम हवा वर जाते म्हणून पंखा वर ठेवा; दुसरा सांगतो की खाली जाळी आहे म्हणून पंखा खाली ठेवा. दुसऱ्याचे म्हणणे बऱ्याचदा बरोबर ठरते, पण ते का बरोबर आहे आणि कुठे चुकते हे कळल्याशिवाय आपल्या घरातल्या, आपल्या फरशीवरच्या कॅबिनेटचा निर्णय करता येत नाही. नागपुरात तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि खिडकीतला कूलर दिवसभर धूळ आणि ओलावा आत ढकलत असतो, त्यामुळे इथे हा निर्णय थोडा अधिक विचारपूर्वक घ्यावा लागतो.

या लेखात आजकाल सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या कॅबिनेटचाच विचार केला आहे, म्हणजे ज्यात एसएमपीएस तळाशी, मागच्या कोपऱ्यात बसतो आणि त्याच्यावर बहुधा पत्र्याचे झाकण असते. हे झाकण दुकानात श्राउड या नावाने ओळखले जाते. जुन्या पद्धतीच्या, एसएमपीएस माथ्यावर असलेल्या कॅबिनेटविषयी एकच गोष्ट पुरेशी आहे: माथ्याला जाळी नसेल तर पंखा खाली, कॅबिनेटच्या पोटाकडेच ठेवावा लागतो, आणि तिथे निवडीला जागा उरत नाही.

आधी हवा कुठून कुठे जाते ते पाहावे

नव्या माणसाचा सर्वांत मोठा गैरसमज असा असतो की एसएमपीएसचा पंखा गरम हवा बाहेर फेकतो. तो तसे करत नाही. तो मोठा, बहुधा १२० मिलिमीटरचा आणि काही डब्यांत १३५ किंवा १४० मिलिमीटरचा पंखा बाहेरची हवा डब्याच्या आत ओढतो. ती हवा आतल्या ट्रान्सफॉर्मरवरून, कॅपॅसिटरवरून आणि उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरून जाते आणि मागच्या, जिथे आपण वायर खोचतो त्या बाजूच्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीतून बाहेर पडते. म्हणून 'पंखा वर की खाली' या प्रश्नाचा खरा अर्थ 'हा डबा हवा कुठून घेणार' एवढाच आहे. पंखा खाली असेल तर तो तळाच्या जाळीतून खोलीतली हवा घेतो. पंखा वर असेल तर कॅबिनेटच्या आतली, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डने आधीच तापवलेली हवा घेतो. दोन्ही प्रकारांत हवा बाहेर पडण्याची जागा एकच, मागची.

गरम हवा वर जाते हे खरे आहे, पण ती आपोआप वर जाण्याचा वेग पंख्याच्या ओढीपुढे नगण्य असतो. पंखा फिरत असताना त्या तत्त्वाचा उपयोग होत नाही. ज्या एसएमपीएसमध्ये कमी भारावर पंखा पूर्ण थांबतो, त्यांत मात्र थोडा फरक पडतो, कारण थांबलेल्या वेळी पंख्याचे तोंड वर असेल तर आतली ऊब हळूहळू वर निघून जाते. अशा डब्यासाठी निर्मात्याने पंखा वर ठेवण्याची सूचना केली असेल आणि श्राउडला पुरेशी छिद्रे असतील, तर ती जरूर पाळावी.

आता उष्णता किती, याचा अंदाज घ्यावा. समजा खेळताना आपला संगणक ३२० वॅट वापरतो आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के आहे. भिंतीतून तो सुमारे ३७६ वॅट घेतो आणि मधले ५६ वॅट डब्याच्या आतच उष्णतेत जातात. ही फार मोठी उष्णता नाही. एका जुन्या साठ वॅटच्या बल्बएवढी ती आहे. पंखा खाली असेल तर ही उष्णता कॅबिनेटच्या पोटात न येता सरळ मागून निघून जाते, आणि डब्यात शिरणारी हवा खोलीच्याच तापमानाची असते. पंखा वर असेल तर शिरणारी हवाच दहा-बारा अंशांनी अधिक तापलेली असू शकते. खोली २५ अंशांची असेल तर त्याने काही बिघडत नाही, आणि म्हणूनच थंड प्रदेशांतले लोक दोन्ही प्रकार चालतात असे सांगतात. खोली ३८ अंशांची असेल तेव्हा गणित बदलते. बरेच निर्माते एसएमपीएसची पूर्ण क्षमता ४० अंशांवर, तर बरे निर्माते ५० अंशांवर हमीने देतात. हा आकडा खोक्यावर किंवा माहितीपत्रात असतो आणि खरेदीपूर्वी तो अवश्य पाहावा. त्या मर्यादेच्या वरच्या तापमानात लेबलवर छापलेले वॅट पूर्ण मिळतील असे गृहीत धरू नये.

पहिली पायरी: कॅबिनेट आडवे करून तळ पाहणे

एसएमपीएस खोक्यातून काढण्यापूर्वी कॅबिनेट जुन्या चादरीवर आडवे करावे आणि त्याचा तळ नीट पाहावा. मागच्या कोपऱ्यात एसएमपीएसच्या जागेखाली जाळीदार छिद्रे आहेत का, हे आधी बघावे. छिद्रे नसतील आणि तळ सपाट पत्र्याचा असेल तर चर्चा तिथेच संपते: पंखा वर. उलट श्राउड एकसंध असेल आणि त्याला डब्याच्या वरच्या बाजूस एकही फट नसेल, तर पंखा वर ठेवणे म्हणजे डब्याचे नाक दाबणे होय, आणि तिथे पंखा खालीच हवा. दोन्हीकडे मोकळीक असेल तरच निवड करावी लागते, आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक कॅबिनेटमध्ये ती असते.

जाळी दिसली की तिच्यावरचा फिल्टर पाहावा. तो चौकटीसह सरकवता येणारा असेल तर कोणत्या बाजूने निघतो, हे हाताने ओढून बघावे. काही कॅबिनेटमध्ये तो पुढून किंवा बाजूने निघतो, काहींत मागून. मागून निघणारा फिल्टर भिंतीला टेकलेल्या कॅबिनेटमध्ये कोणीही काढत नाही, हे मी स्वतःच्या घरी पाहिले आहे: माझा पहिला असाच होता आणि दोन वर्षांनी कॅबिनेट हलवले तेव्हा त्यावर राखाडी नमद्यासारखा थर जमलेला होता, इतका घट्ट की बोटाने ओढताच तो एका तुकड्यात सोलून निघाला. त्यामुळे कॅबिनेट विकत घ्यायचे असेल तर पुढून निघणाऱ्या फिल्टरला मी दोनशे-चारशे रुपये अधिक मोजायला तयार असतो. काचेच्या बाजूपेक्षा किंवा रंगीत दिव्यांपेक्षा त्याचा उपयोग अधिक.

तळाचे पाय मोजायला विसरू नये. १२० मिलिमीटरच्या पंख्याचे वर्तुळ सुमारे ११३ चौरस सेंटिमीटरचे असते. जाळी साधारण १४ सेंटिमीटर चौकोनी आहे असे धरले तर तिच्या चारही बाजूंची लांबी ५६ सेंटिमीटर होते, आणि पाय २ सेंटिमीटर उंच असतील तर खालून हवा शिरायला ११२ चौरस सेंटिमीटर वाट मिळते, म्हणजे जवळजवळ पंख्याएवढीच. पाय १ सेंटिमीटरचे असतील तर ती वाट निम्मी होते आणि फिल्टरचा अडथळा त्यात भर घालतो. कॅबिनेट सतरंजीवर किंवा गालिच्यावर ठेवले की पाय त्यात अर्धा सेंटिमीटर रुततात आणि कापड जाळीच्या अधिक जवळ येते. म्हणून पंखा खाली ठेवायचा असेल तर खालची जमीन कडक हवी: फरशी, लाकडी फळी किंवा छोटे स्टँड. फरशीवर १८ मिलिमीटरच्या प्लायवूडची पाटी ठेवून तिच्यावर कॅबिनेट उभे करणे हा नागपुरातल्या घरांसाठी मला सर्वांत सोपा उपाय वाटतो, कारण फरशी पुसताना ओला पोछा कॅबिनेटखाली जात नाही आणि झाडूने उडालेली धूळ थेट जाळीखाली येत नाही. पाटी मात्र कॅबिनेटपेक्षा फार मोठी नसावी, नाहीतर तिच्यावरच धूळ साचते.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी अजून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, तेव्हा सखल भागांतल्या अनेक घरांत पाणी शिरले होते. जमिनीलगत पंख्याचे तोंड असलेला एसएमपीएस पाण्याच्या सर्वांत जवळ असतो, त्यामुळे अशा घरात कॅबिनेट टेबलावर किंवा चांगल्या उंच स्टँडवर असणे श्रेयस्कर.

दुसरी पायरी: निर्णय, आणि एक घडलेले उदाहरण

मी माझ्यासाठी ठरवलेला क्रम असा आहे. तळाला जाळी, तिच्यावर काढता येणारा फिल्टर आणि खाली कडक जमीन, या तिन्ही गोष्टी असतील तर पंखा खाली. तिघांपैकी फिल्टर तेवढा नसेल तर तो आधी मिळवावा आणि मग पंखा खाली. जमीन कडक नसेल आणि ती बदलता येत नसेल, तर पंखा वर, पण त्यासाठी श्राउडच्या फटी आणि कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे फिल्टर नीट असले पाहिजेत.

हे मला मागच्या एका उन्हाळ्यात माझ्या भाच्याच्या संगणकावरून पुरते पटले. प्रतापनगरकडे त्याच्या घरी, नवतप्यात, दुपारी तो खेळायला बसला की चाळीस मिनिटांनी संगणक खटकन बंद पडे आणि बटण दाबूनही दहा-पंधरा मिनिटे चालू होत नसे. 'मामा, व्होल्टेज कमीजास्त होत असेल,' असे तो म्हणाला, आणि त्याने स्पाइक बस्टर बदलूनही पाहिला होता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी `Kernel-Power` ची नोंद होती, पण ती नोंद संगणक अचानक बंद झाला एवढेच सांगते, कारण सांगत नाही. नवे लोक तिच्या मागे विनाकारण लागतात. मला खरी सूचना मिळाली ती ताबडतोब परत चालू न होण्यातून. विजेचा झटका असता तर मशीन लगेच चालू झाले असते. थंड होईपर्यंत ते थांबत होते, म्हणजे एसएमपीएसमधले अतितापमानाचे संरक्षण काम करत होते.

मी मागे हात धरला तर एसएमपीएसची हवा सहन होईना. स्वयंपाकघरातला काडीचा थर्मामीटर घेऊन मोजले: कूलर चालू असलेल्या खोलीत ३६ अंश, श्राउडच्या फटीपाशी ४९, एसएमपीएसच्या मागच्या जाळीपाशी ६४. जुळवणाऱ्याने पंखा वर करून बसवला होता. श्राउडला फटी होत्या, पण त्या पंख्याच्या वर नव्हत्या, पुढच्या टोकाला होत्या; पंख्यावर सलग पत्रा होता, दोन बोटांच्या अंतरावर. म्हणजे डबा ग्राफिक्स कार्डखालची तापलेली हवा लांबून, अरुंद वाटेने ओढत होता. त्या एसएमपीएसची क्षमता ४० अंशांवरची लिहिलेली होती. कॅबिनेट दिवाणाशेजारी सतरंजीवर होते, आणि तळाची जाळी उघडी होती, फिल्टरशिवाय. फिल्टर कुठे आहे, असे विचारल्यावर बहिणीने माळ्यावरचे खोके काढून दिले. तो प्लास्टिकच्या पिशवीत तसाच बंद होता.

डबा उलटा करून पंखा खाली केला, फिल्टर बसवला आणि सतरंजी काढून प्लायवूडची पाटी टाकली. तासभर खेळवल्यावर पुन्हा मोजले: पाटीजवळची हवा ३७ अंश, मागून निघणारी ४८. त्यानंतर त्या उन्हाळ्यात मशीन बंद पडले नाही. ग्राफिक्स कार्डच्या तापमानात मात्र जाणवेल असा फरक पडला नाही, आणि तो पडेल असे मी त्याला सांगितलेही नव्हते. पंखा वर असताना एसएमपीएस कॅबिनेटमधून थोडी हवा बाहेर ओढतो, त्यामुळे आतल्या भागांना किंचित मदतच होते. पंखा खाली केल्यावर ती मदत थांबते. जिथे ग्राफिक्स कार्डच मुख्य त्रास आहे, तिथे हा उपाय नाही.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष बसवणे

एसएमपीएसच्या मागच्या बाजूचे चार स्क्रू दिसायला चौकोनात असले तरी एक भोक बाकीच्यांच्या रेषेत नसते. त्यामुळे जुन्या कॅबिनेटमध्ये डबा एकाच प्रकारे बसे. नव्या कॅबिनेटमध्ये चारपेक्षा अधिक भोके असतात, म्हणजे दोन्ही प्रकारांची सोय असते. डबा आत धरून मागून पाहावे. चारही भोके जुळत नसतील तर जोर करू नये, ते कॅबिनेट त्या दिशेसाठी बनवलेलेच नाही. काही कॅबिनेटमध्ये मागे एक सुटी चौकट असते, ती आधी डब्याला स्क्रूने लावून मग डबा मागून आत सरकवायचा असतो.

एसएमपीएस आत घेताना पंख्याची जाळी तळाच्या जाळीच्या अगदी वर आली पाहिजे. आखूड डबा आणि लांब जाळी असेल तर काही छिद्रे डब्याच्या पुढे उघडी राहतात; ती जागा केबलच्या गुंडाळीने झाकली तरी चालते, पण डब्याच्या पंख्याखाली एकही केबल जाता कामा नये. मॉड्युलर नसलेल्या, म्हणजे ज्याच्या वायरी सुट्या करता येत नाहीत अशा एसएमपीएसच्या जास्तीच्या वायरी पुढच्या बाजूला दुमडून बांधाव्यात. चारही स्क्रू आधी सैल लावावेत, पेचकसाने दोन-तीन फेरेच द्यावेत, आणि मग कर्णाने, म्हणजे एक लावल्यावर त्याच्या समोरचा कोपरा, असे करत आवळावेत. स्क्रू जाड आट्यांचे असतात. एसएमपीएससोबत आलेलेच वापरावेत, हार्ड डिस्कसोबतच्या बारीक स्क्रूने काम करू नये.

पंखा खाली केला की काही डब्यांचे लेबल उलटे दिसते, कंपनीचे नाव उलटे येते आणि मागचा खटकाही उलटा होतो. यात दोष काही नाही. काच असलेल्या बाजूने ते दिसते म्हणून कोणी पंखा वर करत असेल तर ती निव्वळ हौस समजावी. पंखा वर असलेल्या डब्यात मात्र एक खरा धोका असतो: मदरबोर्डचा हातातून सुटलेला स्क्रू श्राउडच्या फटीतून थेट पंख्याच्या जाळीत आणि तिथून डब्यात पडू शकतो. पंखा वर ठेवायचाच असेल तर आतले काम सुरू असताना श्राउडच्या फटींवर कागद चिकटवून ठेवावा, आणि चालू करण्यापूर्वी तो आठवणीने काढावा. डबा कोणत्याही कारणाने उघडू नये. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही काही काळ ३०० व्होल्टच्या वरचा विद्युतदाब राहू शकतो. स्क्रू आत पडला असेल तर वीज न देता डबा उलटा करून हलवावा, आणि निघाला नाही तर तो वापरू नये.

चौथी पायरी: फिल्टर कुठे, आणि कुठे नाही

फिल्टर हवा शिरते तिथे लावायचा असतो, बाहेर पडते तिथे नाही. एवढे साधे वाक्य असूनही मी मागच्या, वायर खोचायच्या जाळीवर चुंबकाचा फिल्टर लावलेले कॅबिनेट पाहिले आहे. त्याने गरम हवा अडवली जाते आणि धूळ काहीच थांबत नाही, कारण धूळ तिथून येतच नाही.

पंखा खाली असेल तर एसएमपीएसचा हवेचा मार्ग स्वतंत्र असतो: तळातून आत, मागून बाहेर. म्हणून त्याचा फिल्टर तळाशीच, जाळीच्या बाहेरच्या अंगाला हवा. चौकटीचा फिल्टर पूर्ण आत सरकून 'टक' असा बसतो की नाही, ते तपासावे. अर्धा बाहेर राहिलेल्या फिल्टरच्या कडेच्या फटीतून धूळ थेट आत जाते, आणि जाळीपेक्षा फटीतून हवेला कमी अडथळा असल्याने ती तिकडूनच जास्त जाते. चुंबकाचा फिल्टर फक्त लोखंडी पत्र्यावर चिकटतो. प्लास्टिकच्या तळावर तो गळून पडतो आणि उलट पायांखाली अडकून हवा अडवतो.

पंखा वर असेल तर तळाचा फिल्टर एसएमपीएसच्या दृष्टीने निरुपयोगी होतो, कारण डबा तिथून हवा घेतच नाही. अशा वेळी तो कॅबिनेटच्या पुढच्या पंख्यांतून आलेली हवा पितो, म्हणून पुढचे फिल्टरच एसएमपीएसचेही फिल्टर ठरतात. मागचे आणि वरचे पंखे जास्त असून पुढचे कमी असतील, तर कॅबिनेट प्रत्येक फटीतून हवा ओढते, आणि पंखा वर असलेला एसएमपीएस हा हवा बाहेर नेणारा आणखी एक पंखा म्हणून त्या हिशोबात धरावा लागतो. पंखा खाली केलेला एसएमपीएस या हिशोबात येत नाही.

कधी कधी लोक जाळीच्या आतून जुन्या ओढणीचा किंवा पातळ मोज्याचा तुकडा बांधतात. तसे करू नये. विणलेल्या कापडाची छिद्रे नायलॉनच्या जाळीपेक्षा बारीक असतात आणि ओल्या हवेत ती फुगून जवळजवळ बंद होतात. दोन फिल्टर एकावर एक ठेवण्यानेही हेच होते. फिल्टर फार घट्ट आहे का, हे ओळखण्याची रीत सोपी आहे: खेळताना किंवा भार असताना फिल्टर बाहेर ओढावा आणि कान द्यावा. पंख्याचा आवाज एकदम उतरला आणि बदलला, तर फिल्टर एक तर भरलेला आहे किंवा अतिघट्ट आहे. दुसरी चाचणी टिश्यू कागदाच्या पट्टीची: पट्टी मागच्या जाळीसमोर धरली तर ती बाहेर फडफडली पाहिजे, आणि कॅबिनेटच्या कडेने तळाच्या फटीपाशी नेली तर आत ओढली गेली पाहिजे. एसएमपीएसचा पंखा कमी भारावर थांबणारा असेल तर ही चाचणी भार दिल्याशिवाय करू नये, नाहीतर पंखा बिघडला असा गैरसमज होतो.

कूलरच्या घरातली साफसफाई

कूलर हवा गार करतो, आणि त्याने खोली ४२ वरून ३५-३६ वर येते तेव्हा एसएमपीएसलाही तेवढाच दिलासा मिळतो. पण वाळ्याच्या ताट्यातून किंवा गवतातून येणारी हवा ओलसर असते आणि ती फिल्टरवरची धूळ चिकट करते. कोरड्या दिवसांत जी धूळ बोटाने झटकून पडते, तीच कूलरच्या दिवसांत एक थर होऊन बसते. कूलरच्या झोतासमोर थेट कॅबिनेट ठेवणे मोठ्या चुकांपैकी एक आहे; ते झोताच्या बाजूला, पण झोतापासून दूर असावे.

उन्हाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी तळाचा फिल्टर काढतो, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात महिन्यातून एकदा. दिवाळीपूर्वीची रंगरंगोटी झाली किंवा रस्त्यावर खोदकाम सुरू झाले की लगेच एकदा. आवाजाच्या चाचणीखेरीज, धुण्यासाठी मात्र संगणक पूर्ण बंद करून, मागची वायर काढून मगच फिल्टर ओढावा. नळाखाली धरून बोटाने हलके चोळावे, चिकटपणा असेल तर भांड्याच्या साबणाचा थेंब घ्यावा, पिळू नये. वाळवण्यासाठी तो वर्तमानपत्रावर सावलीत रात्रभर ठेवावा. मेमधल्या गच्चीवरच्या उन्हात पातळ प्लास्टिकची चौकट वाकते आणि मग खोबणीत बसत नाही. ओला फिल्टर घाईने परत लावला तर ओढलेल्या हवेसोबत पाण्याचे थेंब डब्यात जाऊ शकतात, म्हणून हात लावून जाळी सुकली आहे याची खात्री करावी. वाट पाहायची नसेल तर तेवढा वेळ संगणकच बंद ठेवावा. फिल्टरशिवाय चालवण्यापेक्षा ते बरे.

एसएमपीएसच्या पंख्यावर धूळ दिसत असेल तर त्याच्या जाळीतून ब्लोअरने हवा मारता येते, मात्र पंख्याचे पाते एखाद्या बांबूच्या काडीने धरून ठेवावे. हवेच्या झोताने पाते वेगाने फिरले तर बेअरिंगवर नको तो ताण येतो. झोत पंख्याच्या बाजूने आत मारावा म्हणजे धूळ मागच्या जाळीतून बाहेर निघते. मागून मारला तर तीच धूळ आतल्या पट्ट्यांमध्ये ढकलली जाते आणि पुन्हा फिल्टरवर येऊन बसते. हे काम गॅलरीत करावे, खोलीत नव्हे, आणि नाकावर रुमाल बांधावा. भाच्याने ते दिवाणावर बसून केले होते, आणि बहिणीने दुसऱ्या दिवशी मला फोन करून त्याबद्दल जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही.